कापलेल्या स्क्रीनशॉटवरून प्लेलिस्टमधली गाणी कशी ओळखायची

लग्नाच्या संगीतासाठी गाणी कापून, जोडून, क्रमानं लावून देणं हे माझं काम. नागपुरात तुळशीचं लग्न आटोपलं की फोन सुरू होतात आणि त्यांच्यामागोमाग व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉट. घरच्या पोरींनी कुठल्याशा अॅपमध्ये प्लेलिस्ट केलेली असते. तिचा फोटो मामीकडून काकूकडे आणि काकूकडून माझ्याकडे येतो, आणि वाटेत कोणीतरी तो कापलेला असतो. म्हणून ही नोंद लिहून ठेवतोय, म्हणजे प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगावं लागणार नाही.

लक्षणं

आधी आपल्याकडे काय आलंय ते बघा, कारण पुढचा उपाय त्यावर ठरतो.

- गाण्याचं नाव तीन टिंबांवर संपतं, पण बाकी फोटो नीट आहे.
- नाव अक्षराच्या मधेच कापलंय, टिंबं नाहीत, आणि ओळीच्या उजव्या टोकाला असणारं मेनूचं ठिपक्यांचं बटणही दिसत नाही.
- सगळ्यात वरची किंवा खालची ओळ आडवी अर्धी कापली आहे.
- मधल्याच एखाद्या ओळीवर नोटिफिकेशन, स्टिकर किंवा तळाची वाजणाऱ्या गाण्याची पट्टी आली आहे.
- नाव पूर्ण आहे, पण इतकं पुसट की r आणि n मिळून m वाटतो.

पहिली दोन लक्षणं लोक एकच समजतात. ती वेगळी आहेत, त्यावर पुढे येतोच.

फोटो उघडून बघा

हे सांगायला लाज वाटावी इतकं सोपं आहे, पण बरेच फोन इथेच संपतात. उंच फोटो आला की व्हॉट्सअॅप चॅटमध्ये त्याचा मधला तुकडाच दाखवतं. वरच्या आणि खालच्या ओळी कापल्यासारख्या दिसतात, पण फोटोत त्या असतात. बोट लावून पूर्ण फोटो उघडला की दिसतात. एका काकूंना "खालची दोन गाणी कापली गेली" असं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "काय दिसून नाही राहिलं भाऊ तुम्हाला? मला तर सगळी दिसतात!" त्यांनी उघडून बघितला होता, मी चॅटमध्येच बघत होतो.

मूळ फोटो किंवा लिंक मागा

पैसा लागत नाही, फक्त एक निरोप लागतो. प्लेलिस्ट जिच्या फोनमध्ये आहे तिला सांगा, की अॅपमधलं शेअरचं बटण दाबून लिंक पाठव. लिंक आली की पुढचं काही करायची गरज नाही. लिंक कॉम्प्युटरवर उघडलीत तर आणखी बरं, कारण तिथे नावाचा रकाना रुंद असतो, शेजारी अल्बमचं नाव आणि गाण्याची वेळही असते.

लिंक मिळत नसेल तर विचारा, की फोटो कापला कोणी. ज्याच्या फोनवर कापला गेला त्याच्याकडे मूळ फोटो बहुधा शाबूत असतो. आयफोनमध्ये एडिट उघडून रिव्हर्ट केलं की कापलेला भाग परत येतो, आणि गूगल फोटोजमध्ये कापलेला फोटो वेगळी प्रत म्हणून ठेवला असेल तर मूळ तिथेच बाजूला असतो. मात्र तुमच्यापर्यंत आलेल्या फोटोत तो भाग नाही. व्हॉट्सअॅपनं पाठवताना फोटो नव्यानं बांधून लहान केलेला असतो. त्यामुळे "कापलेलं परत आणून देतो" म्हणणाऱ्या कुठल्याही अॅपवर वेळ घालवू नका.

फोटो पुसट असेल तर तोच फोटो एचडीमध्ये पाठवायला सांगा. ही सोय 2023 पासून आहे. त्याहून चांगलं म्हणजे डॉक्युमेंट म्हणून पाठवणं, त्यात फोटो जसाच्या तसा येतो. आलेला पुसट फोटो ताणून मोठा करून अक्षरं स्पष्ट होत नाहीत.

टिंबं आहेत की कात्री?

निरोपाला उत्तर नाही, नवरीची बहीण मेहंदी काढून बसली आहे, आणि उद्या तालीम. आता फोटोवरच काम करायचं.

नावाच्या शेवटी टिंबं असतील तर ते नाव अॅपनं कापलंय, माणसानं नाही. जागेत न मावणारं नावच अॅप कापतं. म्हणून टिंबं दिसली की एक गोष्ट पक्की कळते, मूळ नाव लांब आहे. किती लांब, हे त्याच फोटोवरून कळतं. ज्या गाण्याचं नाव टिंबांशिवाय पूर्ण मावलंय अशांपैकी सगळ्यात लांब नाव शोधा. समजा ते पंचवीस अक्षरांचं आहे. मग टिंबं असलेलं कोणतंही नाव साधारण त्याहून लांब असणार. i आणि l बारीक असतात, m आणि w रुंद, त्यामुळे दोन-तीन अक्षरांची सूट धरा.

हे महत्त्वाचं का, तर लहान नावाची गाणी लगेच बाद होतात. `Kabira (From "Yeh Jawaani…` अशी ओळ असेल तर लपलेला भाग बहुतेक चित्रपटाच्या नावाचाच उरलेला तुकडा आहे. अशा कंसातला From म्हणजे गाणं वेगळं नाही. तेच ध्वनिमुद्रण कुठल्या तरी संकलित अल्बममध्ये पुन्हा घातलं, एवढंच. पण कंसात Encore, Unplugged, Reprise, Remix किंवा Female असं काही असेल तर गाणं खरोखर वेगळं आहे. त्यावर बसवलेला नाच मूळ गाण्यावर जुळणार नाही.

टिंबं नसतील आणि अक्षर मधेच तुटलं असेल तर कात्री माणसाची. तिथे नाव लांब होतं की तिथेच संपत होतं, हे त्या ओळीवरून कळू शकत नाही. `Tum Hi Ho` एवढंच दिसलं तर ते 2013 च्या 'आशिकी 2' मधलं असू शकतं, किंवा 2012 च्या 'कॉकटेल' मधलं `Tum Hi Ho Bandhu`. एक हळवं, दुसरं पार्टीचं. संगीतात यांची अदलाबदल झाली तर नवरदेवाचे मित्र स्टेजवरच थांबतील.

खालची बारीक ओळ वाचा

लोक गाण्याच्या नावाकडे डोळे फाडून बघत बसतात आणि त्याखालची करडी ओळ सोडून देतात. खरी माहिती तिथे आहे. कलाकारांची नावं लहान अक्षरात असतात, त्यामुळे फोटो एकाच उभ्या रेषेत कापला तरी त्या ओळीतली दोन-चार अक्षरं जास्त वाचलेली असतात. शिवाय हिंदी-मराठी सिनेगाण्यात बहुतेक वेळा आधी संगीतकार आणि मग गायक असा क्रम असतो. म्हणजे स्वल्पविरामानंतरचं एक अक्षरसुद्धा उपयोगी पडतं.

'ये जवानी है दीवानी' मध्ये `Kabira` दोनदा आहे. एक तोची रैना आणि रेखा भारद्वाज यांनी गायलेलं. दुसरं `Kabira (Encore)`, हर्षदीप कौर आणि अरिजित सिंगचं, लग्नाच्या प्रसंगातलं. फोटोत `Kabira` वर कात्री चालली असेल आणि खाली `Pritam, H` एवढंच दिसत असेल, तर ते Encore आहे. H च्या जागी A असला तरी तेच. T किंवा R असेल तर पहिलं. प्रीतमचं नाव दोन्हीकडे आहे, त्यावर काही ठरत नाही.

काही अॅपमध्ये त्याच ओळीत गाण्याची वेळही येते. ती दिसत असेल तर सेकंदापर्यंत लिहून घ्या, शेवटी लागेल.

शेजारच्या ओळी आणि चौकोनी चित्र

नाव पूर्णच झाकलं असेल तर ओळीचं स्थान बघा. दिसणाऱ्या गाण्यांची पहिली अक्षरं वरून खाली वाचत जा. ती ए टू झेड अशी चढत असतील तर प्लेलिस्ट नावाप्रमाणे लावलेली आहे, आणि झाकलेलं नाव वरच्या-खालच्या नावांच्या मधेच बसलं पाहिजे. चार-पाच ओळी तरी जुळल्या पाहिजेत. दोन ओळी तर योगायोगानंही चढत्या येतात. नावाऐवजी कलाकाराप्रमाणे किंवा अल्बमप्रमाणे लावलेली असेल तर तेही कळतं, कारण सारखी नावं किंवा सारखी चित्रं एकाखाली एक येतात.

डावीकडचं चित्र अल्बमचं असतं, गाण्याचं नाही. म्हणून चित्रावरून सिनेमा कळतो आणि त्या सिनेमातल्या गाण्यांपुरता शोध उरतो. मात्र संकलित अल्बम असेल तर चित्रावर भलताच चेहरा असतो, तेव्हा त्यावर अवलंबून राहू नका.

हे एका फोटोवर करून दाखवतो. नागपूरजवळच्या बेसा इथल्या एका घरातून आला होता. उजवी बाजू कापलेली, मधल्या एका ओळीवर बँकेच्या मेसेजची पट्टी, शेवटची ओळ आडवी अर्धी. शेवटच्या पाच गाण्यांपैकी वाचता येत होतं ते एवढंच:

```
Apsara
Ajay-Atul
Kabira
Pritam, H
(झाकलेली ओळ)
Navrai
Amit Triv
(अर्धी ओळ)
```

पहिल्याला संगीतकार अजय-अतुल, चित्र 'नटरंग'चं. म्हणजे `Apsara Aali`. दुसरं वर सांगितल्याप्रमाणे Encore. चौथं अमित त्रिवेदीचं, चित्रात 'इंग्लिश विंग्लिश', म्हणून `Navrai Majhi`. आता क्रम बघा: A, K, मग काहीतरी, मग N. वर आणखी ओळी होत्या, त्याही चढत्याच होत्या. म्हणजे झाकलेलं नाव `Kabira` नंतर आणि `Navrai` आधी येणारं.

बँकेच्या पट्टीनं नाव झाकलं होतं, पण चित्राचा डावा कोपरा उघडा होता, आणि त्यावर 'लय भारी' मधला रितेश देशमुख ओळखू येत होता. त्या सिनेमातली गाणी एकेक करून रांगेत बसवून बघितली. `Aala Holicha San` आणि `Jeev Bhulla` दोन्ही `Kabira` च्या आधी येतात, बाद. `Ye Na Saajna` फार खाली जातं. `New Nava Tarana` चं पहिलं अक्षर N आहे, पण Ne हे Na नंतर येतं, म्हणून ते `Navrai` च्या खाली गेलं असतं. उरलं `Mauli Mauli`. नंतर त्या घरच्या ताईंनी सांगितलं, की घरच्या बायका त्यावर लेझीम करणार होत्या.

आता शेवटची अर्धी ओळ. त्यासाठी वेगळी युक्ती लागते.

अर्धी अक्षरं

रोमन अक्षरांची ओळख मुख्यतः वरच्या अर्ध्या भागात असते. तुमच्या फोटोत ओळीचा वरचा अर्धा भाग शिल्लक असेल तर नाव बहुतेक वाचता येतं. b, d, h, k, l, t यांचे उभे दांडे आणि i, j चे ठिपके कुठे कुठे आहेत ते क्रमानं लिहा. खालचा भाग शिल्लक असेल तर कठीण. h आणि n सारखे दिसतात, d चा a होतो, i आणि l मध्ये फरक राहत नाही. तिथे फक्त g, j, p, y यांच्या शेपट्या कामाच्या.

बेसाच्या त्या फोटोत शेवटच्या ओळीचा वरचा भाग होता आणि चित्र 'सैराट'चं. क्रमानं `Navrai` नंतर बसतील अशी त्या सिनेमातली तीन गाणी: `Sairat Zaala Ji`, `Yad Lagla` आणि `Zingaat`. ओळीत वर एक आडवी रेघ, लगेच एक ठिपका, मग दांडा नसलेली बुटकी अक्षरं, आणि शेवटी एक छोटा दांडा. मधे मोकळी जागा कुठेच नाही. `Yad Lagla` मध्ये d, L आणि l असे तीन दांडे आले असते. `Sairat Zaala Ji` मध्ये दोन मोकळ्या जागा. म्हणजे `Zingaat`. ठिपका i चा, दांडा t चा.

देवनागरीतलं नाव असेल तर नियम बदलतो. वरचा भाग गेला तर शिरोरेषेवरच्या मात्रा जातात आणि `मोरया` चं `मारया` होतं, `माऊली` चं `माऊला`. म्हणून काना दिसला की तो आ, ओ, औ किंवा दीर्घ ई यांपैकी काहीही असू शकतो असं धरूनच वाचा. खालचा भाग गेला तर उकार जातात. तेव्हा `गुलाबी` आणि `गलाबी` सारखंच दिसतं, पण दुसरा शब्द नसल्यामुळे काम भागतं.

तळाच्या पट्टीत वाजणाऱ्या गाण्याचं नाव असेल तर एक गंमत ध्यानात ठेवा. नाव लांब असलं की ते पट्टीत सरकत असतं, आणि फोटो नेमका मधेच निघतो. मग `ya Ka Baavarla` असं काहीतरी दिसतं आणि शोधून सापडत नाही, कारण ते नावाचं शेपूट आहे, डोकं नाही. यादीत वाजणारं गाणं वेगळ्या रंगात असतं, स्पॉटिफायमध्ये हिरव्या. ती ओळ कापलेली असेल तर पट्टीतलं शेपूट तिलाच जोडा.

अंदाज पडताळा

आतापर्यंत झालं ते अनुमान. गाणं मशीनवर चढवण्याआधी अॅपमध्ये शोधून बघा. नुसतं नाव टाकलं तर कव्हर आणि लोफाय यांचा ढीग येतो, म्हणून गायकही घाला. स्पॉटिफायमध्ये असं लिहिता येतं:

```
track:kabira artist:"Harshdeep Kaur"
```

मराठी नावं रोमनमध्ये कशीही लिहिलेली असतात: Majhi, Mazi, Mazhi. एका स्पेलिंगनं सापडलं नाही म्हणून गाणं नाही असं समजू नका. v च्या जागी w, एका a च्या जागी दोन, असं करून बघा.

सापडलेल्या निकालात तीन गोष्टी फोटोशी जुळल्या पाहिजेत: चित्र, कलाकारांच्या नावांचा क्रम, आणि वेळ दिसत असेल तर वेळ. वेळ सेकंदाला जुळली तर शंका नको. पाच-दहा सेकंदांचा फरक असेल तर तीच चाल पण वेगळी आवृत्ती असण्याचा संभव मोठा.

एकच गाणं अडलं असेल आणि फोटोत वर प्लेलिस्टची एकूण वेळ दिसत असेल, तर बाकीच्या गाण्यांच्या वेळा शोधून बेरीज करा आणि एकूणातून वजा करा. उत्तर अडलेल्या गाण्याची वेळ. पण एकूण आकडा बहुधा तास-मिनिटांत असतो, सेकंद नसतात, त्यामुळे मिनिटभराची चूक धरावी लागते. तीन मिनिटांचं गाणं की सहा मिनिटांचं, एवढं यातून कळतं. मूळ की Unplugged हे नाही. मेहनत फार, म्हणून मी हे अगदी शेवटी करतो.

कुठे थांबायचं, कोणाला फोन करायचा

दोन गाण्यांवर येऊन अडलात आणि फोटोत वेगळं काही सांगणारी खूण उरली नाही, तर तिथेच थांबा. 'रब ने बना दी जोडी' मधलं `Tujh Mein Rab Dikhta Hai` रूपकुमार राठोडांच्या आवाजातही आहे आणि श्रेया घोषालच्याही. फोटोत नुसतं `Tujh Mein Rab` आणि `Salim` इतकंच असेल तर कितीही डोळे ताणले तरी उत्तर निघणार नाही. अशा वेळी नाच बसवणाऱ्या कोरिओग्राफरला फोन करा आणि तालमीचा दहा सेकंदांचा व्हिडिओ मागा. व्हिडिओत मागे गाणं वाजत असतं, त्यावरून आवृत्ती लगेच कळते. घरच्यांना "कोणतं गाणं?" असं विचारून उपयोग नाही. ते गाण्याचं नाव सांगतात, आवृत्ती सांगत नाहीत.

मूळ प्लेलिस्टच उडाली असेल तर स्पॉटिफायवर खात्याच्या वेबपानावरून नव्वद दिवसांच्या आत ती परत आणता येते, पण जिचं खातं आहे तिनंच लॉगिन करून. खातंच उघडत नसेल तर अॅपच्या ग्राहक सेवेला लिहायचं. पासवर्ड किंवा ओटीपी मला सांगू नका, सीताबर्डीतल्या मोबाइलच्या दुकानातही नको.

आणि नाट्यपद असेल तर पहिल्या मिनिटालाच जाणकाराला गाठा. `Ghei Chhand Mak` असं दिसलं तर नाव पूर्ण करणं सोपं आहे, पण 'कट्यार काळजात घुसली' मध्ये त्या एका पदाच्या दोन चाली आहेत, आणि वर मूळ नाटकापासून 2015 च्या सिनेमापर्यंत गाणारे अनेक. आपल्या शहरात वसंतराव देशपांडे यांच्या नावाचं सभागृह आहे आणि त्यांचं गाणं कानात असलेली मंडळीही आहेत. त्यांच्यापैकी कोणाला, किंवा एखाद्या गाण्याच्या शिक्षकांना, घरच्यांनी आठवून गुणगुणलेली पहिली ओळ व्हॉइस नोट करून पाठवा. चाल कोणती ते त्यांच्याकडून कळलं, की गायकाचं नाव घरच्यांकडून लिहून घ्या आणि मगच डाउनलोडला हात घाला.